चार अंकांत हरवलेले समीकरण : गाउस निरसन आणि आंशिक पिव्हटिंग

अनेक चलांतील रेषीय समीकरणांची प्रणाली सोडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गाउस निरसन पद्धतीत एका समीकरणाला योग्य त्या संख्येने गुणून ते खालच्या समीकरणातून वजा केले जाते, अशा रीतीने एकेक चल नाहीसे होत जाते, आणि शेवटी एकाच चलाचे समीकरण उरले की त्याची किंमत काढून, ती वरच्या समीकरणांत घालत घालत बाकीच्या चलांच्या किमती मिळवल्या जातात. शाळेत दोन चलांसाठी शिकवली जाणारी लोपाची रीत हीच. फक्त चलांची संख्या वाढली की ती ठरावीक क्रमाने राबवावी लागते. अपूर्णांक जसेच्या तसे ठेवून, कोठेही अंक न गाळता आकडेमोड केली, तर समीकरणे कोणत्या क्रमाने मांडली याला काहीही महत्त्व नसते, कारण उत्तर एकच येते. मात्र गणकयंत्र असो वा संगणक, प्रत्यक्ष आकडेमोडीत प्रत्येक संख्येचे मोजकेच अंक साठवले जातात, आणि अंक मोजके झाले की हाच क्रम निर्णायक ठरतो. केवळ ओळींचा क्रम चुकल्यामुळे एखाद्या अगदी सालस प्रणालीचे उत्तर पूर्णपणे कसे बिघडते, आणि क्रम निवडण्याचा एक साधा नियम ते कसे सावरतो, हे तीन चलांच्या एका उदाहरणावरून स्पष्ट पाहता येते.

त्याआधी दोन संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. ज्या समीकरणाच्या आधारे एखादे चल खालच्या समीकरणांतून काढून टाकले जाते, त्या समीकरणातील त्या चलाच्या सहगुणकाला पिव्हट म्हणतात. खालच्या ओळीतील सहगुणकाला पिव्हटने भागून जी संख्या मिळते ती त्या ओळीचा गुणक होय, आणि पिव्हटच्या ओळीला या गुणकाने गुणून ती खालच्या ओळीतून वजा केली जाते. पिव्हट भाजकाच्या जागी असल्याने तो शून्य असेल तर पद्धत तेथेच अडते, हे कोणाच्याही लक्षात येते. पिव्हट शून्य नसून शून्याच्या जवळ असेल तेव्हा मात्र पद्धत अडत नाही, आकडेमोड शेवटपर्यंत सुरळीत चालते आणि एक उत्तरही हाती येते. म्हणूनच ही स्थिती अधिक फसवी आहे.

दुसरी संज्ञा सार्थ अंकांची. संख्येतील पहिल्या शून्येतर अंकापासून मोजलेले अंक म्हणजे तिचे सार्थ अंक, त्यामुळे १.००१, ६२४८ आणि ०.००२४९९ या तिन्ही संख्या चार सार्थ अंकांच्या आहेत, दशांशचिन्ह कोठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. पुढील सर्व आकडेमोडीत एकच शिस्त पाळली आहे : प्रत्येक बेरीज, वजाबाकी, गुणाकार किंवा भागाकार झाल्याबरोबर त्याचे उत्तर चार सार्थ अंकांपर्यंतच्या आसन्न किमतीत लिहायचे, म्हणजेच राउंडिंग करायचे, आणि पुढच्या पायरीला तीच किंमत वापरायची. गाळलेला भाग बरोबर मध्यावर, म्हणजे ५ वर संपत असेल, तर शेवटचा अंक सम राहील असे पाहायचे. संगणक हेच सुमारे सोळा अंकांवर करतो. चार अंक घेतल्याने फक्त घडणारी गोष्ट डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी होते.

आता पुढील प्रणाली घ्यावी.

४x + २y + z = ८
२x + १.००१y + ३z = ९.००१
x + ३y + २z = ८

या प्रणालीचे अचूक उत्तर x = १, y = १, z = २ असे आहे, आणि ते तिन्ही समीकरणांत घालून तोंडी पडताळता येते. सर्व सहगुणक आणि उजव्या बाजू चार सार्थ अंकांत तंतोतंत मावतात, त्यामुळे सुरुवातीलाच काही गाळले गेले असा आक्षेप येथे घेता येत नाही. प्रणाली स्वभावाने नाजूकही नाही : तिसऱ्या समीकरणाची उजवी बाजू ८ ऐवजी ८.०१ केली, तर खऱ्या उत्तरातील कोणतीही किंमत ०.००५ इतकीसुद्धा हलत नाही. तेव्हा पुढे जे काही बिघडेल त्याचा दोष समीकरणांकडे जात नाही, तो रीतीकडेच जातो.

पहिली पायरी x काढून टाकण्याची. पहिल्या स्तंभात ४, २ आणि १ हे सहगुणक आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा आधीच वर आहे, त्यामुळे येथे निवडीचा प्रश्न उद्भवत नाही. दुसऱ्या ओळीचा गुणक ०.५ आणि तिसऱ्या ओळीचा ०.२५ येतो, आणि वजाबाकीनंतर उरलेली दोन समीकरणे अशी दिसतात :

०.००१y + २.५z = ५.००१
२.५y + १.७५z = ६

येथपर्यंत एकही अंक गाळावा लागलेला नाही, सर्व किमती अचूक आहेत. परंतु मूळ समीकरणांत कोठेही न दिसणारा ०.००१ हा लहानसा सहगुणक आता y च्या पिव्हटच्या जागी येऊन बसला आहे. मूळ दुसऱ्या समीकरणातील १.००१ मधून बरोबर १ वजा झाल्याने तो निर्माण झाला. लहान पिव्हट बहुधा अशा वजाबाकीतूनच जन्माला येतात, आणि म्हणून मूळ समीकरणांवर नजर टाकून सगळे सहगुणक ठीक आकाराचे आहेत असे मानून स्वस्थ राहणे पुरेसे नसते. प्रत्येक पायरीनंतर उरलेल्या समीकरणांकडे नव्याने पाहावे लागते.

क्रम न बदलता पुढे गेल्यास काय होते ते आता सावकाश पाहावे. पिव्हट ०.००१, त्याखालचा सहगुणक २.५, म्हणून गुणक २५०० येतो. z चा नवा सहगुणक काढण्यासाठी २५०० × २.५ = ६२५० ही संख्या १.७५ मधून वजा करायची. खरे उत्तर −६२४८.२५ आहे, पण चार अंकांत −६२४८ एवढेच लिहिता येते. उजव्या बाजूसाठी २५०० × ५.००१ = १२५०२.५ हवे, ते चार अंकांत १२५०० होते. ते ६ मधून वजा केले की −१२४९४ येते आणि त्याचेही पुन्हा −१२४९० करावे लागते. उरलेले शेवटचे समीकरण −६२४८z = −१२४९० असे होते आणि त्यातून z = १.९९९ मिळते. खरी किंमत २ असल्याने ही चूक एका सहस्रांशाची आहे, आणि चार अंकांच्या आकडेमोडीत एवढी चूक सहज क्षम्य वाटते.

खरा घात पुढच्या पायरीत होतो. y काढण्यासाठी ५.००१ मधून २.५ × १.९९९ वजा करून ०.००१ ने भागायचे आहे. हा गुणाकार ४.९९७५ असून चार अंकांत तो ४.९९८ होतो, वजाबाकी ०.००३ येते, आणि ०.००१ ने भागल्यावर y = ३ मिळते. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी झाल्याने त्यांचे पुढचे सगळे भरवशाचे अंक एकमेकांत कटले आणि मागे उरला तो केवळ आधीच्या आसन्नीकरणाचा अवशेष, त्याला ०.००१ ने भागणे म्हणजे तो अवशेष हजारपट मोठा करणे होय. त्यानंतर x साठी ८ − ६ − १.९९९ = ०.००१ आणि त्याला ४ ने भागून x = ०.०००२५. अशा रीतीने (१, १, २) या उत्तराच्या जागी (०.०००२५, ३, १.९९९) हे उत्तर हाती आले : z जवळपास बरोबर, y तिप्पट, आणि x जणू शून्यच.

हे उत्तर मूळ समीकरणांत घालून पाहण्यासारखे आहे, कारण पडताळणीची एक नेहमीची सवय येथे फसते. पहिल्या समीकरणात ०.००१ + ६ + १.९९९ म्हणजे तंतोतंत ८ येतात. दुसऱ्या समीकरणाची डावी बाजू ९.०००५ येते, म्हणजे ९.००१ पासून केवळ ०.०००५ एवढी दूर. दोन समीकरणे इतकी छान जुळल्यावर तिसरे कोणी तपासून पाहणार नाही; पण तिसऱ्याची डावी बाजू १२.९९८ येते आणि ती असायला हवी होती ८. उलट प्रतिस्थापन वरच्या ओळींतूनच केलेले असल्याने वरची समीकरणे जुळणे हे जवळजवळ ठरलेलेच असते. त्यावरून उत्तराच्या खरेपणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पडताळणी करायची तर ती मूळ प्रणालीतील प्रत्येक समीकरणावर करावी, आणि खालची समीकरणे अगोदर घ्यावीत.

तिसरे समीकरण नेमके कोठे हरवले, हा यातील सर्वांत बोलका भाग आहे. निरसनाच्या वेळी त्या समीकरणाचे म्हणणे उजव्या बाजूच्या ६ या संख्येत आणि z च्या १.७५ या सहगुणकात होते. त्या ६ मधून १२५०० वजा केल्यावर चार अंकांत दशकाच्या खालचे काहीच उरत नाही. ६ च्या जागी ८ असते, तर −१२४९२ आले असते आणि त्याचेही −१२४९० च झाले असते. १४ असते तर −१२४८६ चेही −१२४९०. याचा अर्थ असा की मूळ तिसऱ्या समीकरणाची उजवी बाजू ८ असो, १० असो, १३ असो की १६, या रीतीने मिळणारे उत्तर अक्षरशः तेच येते. जे उत्तर आले ते खरे तर उजवी बाजू १३ असलेल्या प्रणालीचे उत्तर आहे, आणि १२.९९८ या वरच्या आकड्यात तेच उमटलेले दिसते. आकडेमोडीत कोणतीही एक पायरी ढोबळ चुकीची नव्हती. प्रत्येक आसन्नीकरण नियमाप्रमाणे आणि चौथ्या अंकापर्यंत बरोबर होते. मोठ्या गुणकामुळे दुसऱ्या समीकरणाची २५०० पट तिसऱ्यात मिसळली आणि तिसऱ्या समीकरणातील माहिती साठवायला अंकच शिल्लक राहिले नाहीत.

उपाय यातूनच सुचतो. गुणक मोठा झाला की खालच्या समीकरणातील माहिती पुसली जाते, तेव्हा गुणक मोठा होऊच देऊ नये. आंशिक पिव्हटिंग हा नियम हेच करतो : प्रत्येक पायरीला, जे चल काढायचे आहे त्याच्या स्तंभात, अजून वापरात न आलेल्या सर्व ओळींतील सहगुणक पाहावेत, त्यांपैकी ज्याचे केवल मूल्य, म्हणजे चिन्ह सोडून उरणारी किंमत, सर्वांत मोठे असेल ती संपूर्ण ओळ उजव्या बाजूसह वर घ्यावी, आणि मगच निरसन करावे. पिव्हट त्या स्तंभातील सर्वांत मोठा असल्याने कोणत्याही गुणकाचे केवल मूल्य १ पेक्षा जास्त होऊ शकत नाही. शोध एकाच स्तंभापुरता असतो, म्हणून या नियमाला आंशिक म्हणतात. समीकरणांचा क्रम बदलल्याने चलांचा क्रम बदलत नाही, त्यामुळे उत्तर वाचताना कोणतीही उलटापालट करावी लागत नाही.

वरच्या दोन समीकरणांत ०.००१ आणि २.५ यांची तुलना केल्यास दुसरी ओळ वर जाते :

२.५y + १.७५z = ६
०.००१y + २.५z = ५.००१

आता गुणक ०.००१ ÷ २.५ = ०.०००४ येतो. z चा नवा सहगुणक २.५ − ०.०००७ = २.४९९३, चार अंकांत २.४९९, उजवी बाजू ५.००१ − ०.००२४ = ४.९९८६, चार अंकांत ४.९९९. त्यांचा भागाकार २.०००४ च्या आसपास आहे, म्हणून z = २.०००. पुढे y = (६ − ३.५) ÷ २.५ = १ आणि x = (८ − २ − २) ÷ ४ = १. समीकरणे तीच, अंक चारच, पायऱ्यांची संख्याही तीच. दोन ओळींची अदलाबदल केल्याबरोबर उत्तर पूर्ण अचूक आले. येथेही तीन ठिकाणी अंक गाळले गेले, हे विसरता कामा नये. फरक असा की गाळलेला भाग या वेळी २.५, ५ किंवा २ यांच्या तुलनेत क्षुल्लक होता, आणि पुढे त्याला हजाराने गुणणारी एकही पायरी नव्हती.

ज्यांना हे संगणकावर स्वतः चालवून पाहायचे असेल, त्यांच्यासाठी पायथॉन भाषेतील `decimal` हे मॉड्यूल सोयीचे आहे, कारण त्यात किती सार्थ अंक ठेवायचे ते एका ओळीत ठरवता येते आणि वर सांगितलेला सम अंकाचा नियमही त्यात मुळातच पाळला जातो. अदलाबदल न करता झालेली आकडेमोड अशी :

```python
from decimal import Decimal as D, getcontext
getcontext().prec = 4
m = D('2.5') / D('0.001')
c = D('1.75') - m * D('2.5')
d = D('6') - m * D('5.001')
z = d / c
y = (D('5.001') - D('2.5') * z) / D('0.001')
x = (D('8') - D('2') * y - z) / D('4')
print(x, y, z)
```

यातून `0.00025 3 1.999` असे छापले जाते. `prec` ची किंमत ५ केल्यास y = १.२ आणि x सुमारे ०.९ येतो, म्हणजे चूक घटते पण जात नाही. ६ केल्यास १२५०२.५ आणि ६२४८.२५ या दोन्ही संख्या पूर्ण मावतात आणि उत्तर अचूक येते. यावरून अंक वाढवले की प्रश्न मिटला असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. सहा अंक पुरले ते केवळ पिव्हट ०.००१ होता म्हणून. मूळ सहगुणक १.००१ ऐवजी १.००००००१ असता, तर सहा अंकही तोकडे पडले असते, आणि सोळा अंकांच्या संगणकाला फसवण्यासाठी त्याच मापाने आणखी लहान पिव्हट लागतो इतकेच. अंक वाढवून उत्तर बदलते का हे पाहणे ही रोगाची तपासणी म्हणून उत्तम आहे, उपचार म्हणून तिच्यावर विसंबू नये.

गुणक १ च्या आत ठेवणे एवढेच पुरेसे आहे का, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यावर खरोखरच खुला होता. १९४३ साली हॅरल्ड हॉटेलिंग यांनी मांडलेल्या अंदाजानुसार निरसनातील चूक समीकरणांच्या संख्येबरोबर चौपटीने वाढत जाण्याची भीती होती, आणि मोठ्या प्रणालींसाठी ही पद्धत निरुपयोगी ठरेल असे त्यावरून वाटत होते. इंग्लंडमधील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत ॲलन ट्युरिंग, जेम्स विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर १८ समीकरणांची प्रणाली सोडवली, तेव्हा उत्तर मूळ समीकरणांत घालून पाहिल्यावर उरलेला फरक अनपेक्षितपणे लहान निघाला. ट्युरिंग यांनी १९४८ मध्ये या आसन्नीकरणाच्या चुकांवर लेख प्रसिद्ध केला, आणि विल्किन्सन यांनी १९६१ च्या लेखात या विश्लेषणाला पक्के रूप दिले. त्यांची दृष्टी वर तिसऱ्या समीकरणाबाबत वापरली तीच आहे : आलेले उत्तर खऱ्या उत्तरापासून किती दूर आहे हे विचारण्याऐवजी, ते मूळपेक्षा किती वेगळ्या प्रणालीचे अचूक उत्तर आहे, असे विचारायचे. त्यांनी दाखवले की हे वेगळेपण आकडेमोडीच्या ओघात सहगुणक किती फुगतात यावर अवलंबून असते. आंशिक पिव्हटिंगमध्ये दर पायरीला सहगुणक फार तर दुप्पट होऊ शकतो, म्हणून n समीकरणांत ही फुगवटी २ च्या (n − १) व्या घाताच्या पुढे जात नाही. तीन समीकरणांसाठी ही मर्यादा ४ आहे. वरच्या उदाहरणात अदलाबदल न करता सर्वांत मोठा सहगुणक ४ वरून ६२४८ वर गेला, म्हणजे पंधराशेपटीहून अधिक फुगला. अदलाबदलीनंतर तो ४ च्या वर गेलाच नाही. मोठ्या n साठी दुपटीची ही मर्यादा भीतिदायक दिसते आणि ती गाठणारी उदाहरणे मुद्दाम रचताही येतात, पण व्यवहारात येणाऱ्या प्रणालींत फुगवटी त्या टोकाला क्वचितच जाते.

या नियमाची एक उणीव मात्र प्रत्येकाने ओळखून असावी. पिव्हटचा मोठेपणा आकड्यावरून ठरतो, आणि आकडा तर समीकरणाला कोणत्याही संख्येने गुणून बदलता येतो. एखाद्या समीकरणात लांबी मीटरऐवजी मिलिमीटरमध्ये लिहिली की त्यातील सहगुणक हजारपटीने बदलतात, पण समीकरणाचे म्हणणे तेच राहते. वरची दोन चलांची प्रणाली स्वतंत्रपणे घेऊन तिच्या पहिल्या समीकरणाला १०,००० ने गुणावे :

१०y + २५०००z = ५००१०
२.५y + १.७५z = ६

आंशिक पिव्हटिंगचा नियम आता १० ला पसंती देतो, कारण तो २.५ पेक्षा मोठा आहे. गुणक केवळ ०.२५ येतो, नियमाचे अक्षरशः पालन होते, आणि तरीही z चा सहगुणक १.७५ − ६२५० म्हणजे −६२४८, उजवी बाजू ६ − १२५०० म्हणजे −१२४९०, z = १.९९९ आणि y = ३ हेच जुने चुकीचे उत्तर परत येते. माहिती पुसली गेली ती गुणकामुळे नसून त्याने गुणलेल्या २५००० या सहगुणकामुळे. यावरचा उपाय असा की ओळींची तुलना करताना प्रत्येक ओळीतील पिव्हटच्या उमेदवाराला त्याच ओळीतील सर्वांत मोठ्या सहगुणकाने भागावे आणि त्या गुणोत्तरांची तुलना करावी. पहिल्या ओळीचे गुणोत्तर १० ÷ २५००० = ०.०००४ आणि दुसरीचे २.५ ÷ २.५ = १ येते, निवड दुसऱ्या ओळीची होते आणि उत्तर सावरते. गुणोत्तर काढताना उजवी बाजू धरू नये, आणि ओळींची मापे साधारणपणे सुरुवातीलाच एकदा मोजून ठेवली जातात. हाताने किंवा स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने प्रणाली सोडवणाऱ्याने मात्र त्याही आधी समीकरणे सारख्या एककांत आहेत की नाहीत हे पाहावे; ते पाहिले की या गुणोत्तरांची गरज पुष्कळ वेळा उरत नाही.

पिव्हट शोधण्याचा खर्च नगण्य आहे. n समीकरणांत सुमारे n² ÷ २ तुलना कराव्या लागतात, तर निरसनालाच सुमारे n³ ÷ ३ गुणाकार लागतात. उरलेल्या सर्व ओळी आणि सर्व स्तंभ धुंडाळून सर्वांत मोठा सहगुणक निवडणारे पूर्ण पिव्हटिंगही आहे, पण त्यात तुलनांची संख्या गुणाकारांच्या बरोबरीला जाते, म्हणून नेहमीच्या कामात ते वापरले जात नाही. प्रत्येक ओळीत कर्णावरचा सहगुणक बाकीच्या सहगुणकांच्या केवल मूल्यांच्या बेरजेपेक्षा मोठा असेल, तर मात्र अदलाबदलीवाचून भागते. लॅपॅक या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राम-संग्रहातील `DGESV` हा प्रोग्राम आंशिक पिव्हटिंगच करतो, आणि कोणत्या पायरीला कोणती ओळ वर घेतली याची नोंद `IPIV` या यादीत परत देतो.

पिव्हटिंग करूनही उत्तर संशयास्पद वाटले, तर दोष रीतीचा आहे की प्रणालीचाच, हे वेगळे करावे लागते. x + y = २ आणि x + १.००१y = २.००१ या प्रणालीचे उत्तर (१, १) आहे, परंतु (२, ०) हे साफ चुकीचे उत्तर घातले तरी पहिले समीकरण तंतोतंत जुळते आणि दुसऱ्यात केवळ ०.००१ चा फरक उरतो. येथे पिव्हटचे दोन्ही उमेदवार १ च आहेत, निवडण्यासारखे काही नाही. उजवीकडील २.००१ चे २.००२ केले, म्हणजे शेवटचा अंक फक्त एकाने हलवला, तर y ची किंमत १ वरून २ वर जाते. असे आकडे मोजमापातून आलेले असतील, तर ओळींच्या कोणत्याही अदलाबदलीने उत्तर भरवशाचे होणार नाही. मोजमापच अधिक अंकांपर्यंत करावे लागेल.

म्हणून तपासणीची रीत अशी ठेवावी. दिलेल्या आकड्यांपैकी एखाद्याचा शेवटचा अंक थोडा हलवावा आणि संपूर्ण आकडेमोड पुन्हा करावी. उत्तर फार हलले, तर प्रणाली नाजूक आहे. उत्तर त्या बदलाच्या मानाने थोडेसेच हलले आणि प्रत्येक मूळ समीकरणही जुळत असेल, तर काम ठीक झाले आहे. तिसरी शक्यता लक्षात राहत नाही, पण तीच लहान पिव्हटची खूण आहे : आकडा ठळकपणे बदलला, तिसऱ्या समीकरणात ८ चे १० केले, आणि तरीही उत्तर जागचे हललेच नाही. अशा वेळी ते समीकरण आकडेमोडीत उरलेलेच नसते, आणि मागे जाऊन कोणत्या पायरीला गुणक १ च्या वर गेला किंवा कोणत्या ओळीतील सहगुणक एकाएकी फुगले ते शोधावे लागते.